हू की हूम? खानदेशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात बहुतेकांच्या घरी अहिराणी, तावडी किंवा भिली बोलली जाते. शाळा मराठीत होते आणि इंग्रजी येतं ते थेट कामाच्या निमित्तानं: केळीच्या निर्यातीची पत्रं, बँकेचे अर्ज, पीएच.डी.चे प्रबंध, स्पर्धा परीक्षा. या लिखाणात ‘हू’ आणि ‘हूम’ची गल्लत ठरावीक जागी होते, आणि तिची कारणं बऱ्याचदा आपल्याच भाषेच्या घडणीत असतात. म्हणून इथली उत्तरं मराठीच्या बाजूनं दिली आहेत. इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत आणि जिथे गरज आहे तिथे मराठी अर्थ सोबत आहे.

मुळात फरक काय आहे?

‘हू’ हा कर्ता असतो आणि ‘हूम’ हे कर्म असतं, किंवा ‘टू’, ‘फॉर’, ‘फ्रॉम’, ‘विथ’ अशा शब्दयोगी अव्ययाला जोडलेलं रूप असतं. ‘हू कॉल्ड?’ म्हणजे फोन कोणी केला. ‘हूम डिड यू कॉल?’ म्हणजे तुम्ही फोन कोणाला केलात. ‘ही’ आणि ‘हिम’, ‘दे’ आणि ‘देम’ या जोड्यांमध्ये जो फरक आहे तोच इथे आहे. हिम, देम, हूम या तिघांच्या शेवटी ‘म’ येतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं बरंच सोपं होतं.

मग ‘हू’ म्हणजे कोण आणि ‘हूम’ म्हणजे कोणाला, असं धरलं तर चालेल ना?

अर्ध्या वेळा चालेल, अर्ध्या वेळा फसवेल. शाळेत हीच किल्ली दिली जाते आणि पुढे अनेक वर्षं तीच चुका करवते, म्हणून इथे थोडं थांबू.

मराठीत ‘ला’ लागलेला माणूस नेहमी कर्म नसतो. ‘मला आंबा आवडतो’ या वाक्यात आवड माझी आहे, तरी ‘मी’ला ‘ला’ लागला. अहिराणीतही तसंच: ‘माले आंबा आवडस’. आवडणं, माहीत असणं, हवं असणं, मिळणं, भूक लागणं, राग येणं, वाटणं या सगळ्या ठिकाणी अनुभव घेणाऱ्या माणसाला आपण ‘ला’ किंवा ‘ले’ लावतो. इंग्रजीत मात्र तोच माणूस सरळ कर्ता होतो: ‘आय लाइक मँगोज’, ‘आय नो’, ‘आय वाँट’, ‘आय गॉट’.

आता प्रश्न करा. ‘कोणाला माहीत आहे?’ किंवा ‘कोनले माहीत शे?’ याचं इंग्रजी ‘हू नोज?’ होतं, ‘हूम नोज?’ कधीच होत नाही. ‘कोणाला चहा हवा आहे?’ म्हणजे ‘हू वाँट्स टी?’ ‘ज्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळाली’ म्हणजे ‘द स्टुडंट्स हू गॉट द स्कॉलरशिप’. या तिन्ही ठिकाणी मराठीतला ‘ला’ किंवा ‘ना’ डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं की ‘हूम’ येतो आणि वाक्य बिघडतं.

जिथे एक माणूस दुसऱ्या माणसावर काही क्रिया करतो, तिथे मात्र ‘कोणाला’ची किल्ली बरोबर लागते. भेटणं, विचारणं, बोलावणं, निवडणं, नेमणं, फसवणं ही अशी क्रियापदं आहेत. ‘तुम्ही कोणाला नेमलं?’ म्हणजे ‘हूम डिड यू अपॉइंट?’ थोडक्यात, मराठी क्रियापद अनुभवाचं आहे की कृतीचं, हे आधी पाहायचं. ते कळत नसेल तर मराठी बाजूला ठेवून इंग्रजी वाक्यच तपासायचं. ते कसं, हे खाली आहे.

‘ज्यांना अनुदान देण्यात आलं’ याचं इंग्रजी करताना ‘हूम’ का नको?

कारण इंग्रजीत हे वाक्य ‘द फार्मर्स हू वेअर गिव्हन द सबसिडी’ असं होतं. ‘दे वेअर गिव्हन’ असं म्हणतात, ‘देम वेअर गिव्हन’ नाही. मराठी सरकारी भाषेत ‘ज्यांना कळवण्यात आले’, ‘ज्यांना नोटीस बजावण्यात आली’, ‘ज्यांना मंजुरी देण्यात आली’ अशी वाक्यं पानोपानी असतात, आणि त्यांचं भाषांतर करताना ‘हूम वेअर इन्फॉर्म्ड’ असं हमखास लिहिलं जातं. साधी खूण लक्षात ठेवा: या शब्दाच्या लगेच पुढे ‘वॉज’, ‘वेअर’, ‘हॅज बीन’, ‘विल’ असं काही आलं, तर तिथे ‘हू’च असतो. त्या क्रियापदाला कर्ता हवा असतो आणि दुसरा कोणी तिथे नसतो.

तपासायची खात्रीची पद्धत कोणती?

या शब्दापासून सुरू होणारं छोटं वाक्य मोठ्या वाक्यातून बाहेर काढायचं. त्याच्या आधीचं काहीही बघायचं नाही. मग त्या छोट्या वाक्यात कुठे जागा रिकामी आहे ते शोधायचं आणि तिथे ‘ही’ किंवा ‘हिम’ बसवून पाहायचं. ‘ही’ बसला तर ‘हू’, ‘हिम’ बसला तर ‘हूम’.

‘द ऑफिसर ___ वी मेट इन धुळे’ हे घ्या. बाहेर काढलेला तुकडा आहे ‘वी मेट’. कोणाला भेटलो? ‘वी मेट हिम’. म्हणजे ‘हूम’. आता ‘द ऑफिसर ___ मेट अस इन धुळे’. तुकडा आहे ‘मेट अस’. कोण भेटलं? ‘ही मेट अस’. म्हणजे ‘हू’.

यापेक्षाही पक्की पद्धत म्हणजे क्रियापदं मोजणं. काळ दाखवणाऱ्या प्रत्येक क्रियापदाला इंग्रजीत स्वतःचा कर्ता लागतो. तुकड्यात अशी दोन क्रियापदं असतील आणि दिसणारा कर्ता एकच असेल, तर दुसऱ्याचा कर्ता ‘हू’च असणार. ही मोजणी पुढच्या प्रश्नात सर्वांत जास्त उपयोगी पडते.

मध्येच ‘आय थिंक’, ‘वी बिलीव्ह’, ‘ही सेड’ असं आलं की काय करायचं?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. इंग्रजी चांगलं येणारी माणसं, वकील, प्राध्यापक, वृत्तपत्रांचे उपसंपादकही इथे चुकतात. विशेष म्हणजे ती निष्काळजीपणानं चुकत नाहीत. काळजी घेतल्यामुळेच चुकतात.

समजा वाक्य असं आहे: ‘द एजंट, ___ द फार्मर्स से चीटेड देम, हॅज लेफ्ट चोपडा.’ अर्थ असा, की ज्यानं आपल्याला फसवलं असं शेतकरी म्हणतात, तो दलाल चोपडा सोडून गेला आहे. लिहिणाऱ्याला ‘द फार्मर्स से’ हे लगेच पुढे दिसतं. त्याला वाटतं, कर्ता तर ‘फार्मर्स’ आहेत, मग आपला शब्द कर्म असणार. तो ‘हूम’ लिहितो, आणि ते चूक आहे.

क्रियापदं मोजा. ‘से’ आणि ‘चीटेड’, अशी दोन आहेत. ‘से’चा कर्ता ‘द फार्मर्स’. मग ‘चीटेड’चा कर्ता कोण? तोच दलाल. ‘द फार्मर्स से ही चीटेड देम.’ म्हणून इथे ‘हू’ हवा. ‘द फार्मर्स से’ हे शब्द मध्ये घातलेले आहेत. ते खोडून वाचलं की उरतं ‘द एजंट, हू चीटेड देम’, आणि शंका राहत नाही.

आता यातलंच एक वेगळं वाक्य: ‘द एजंट, ___ द फार्मर्स से दे पेड इन फुल.’ म्हणजे ज्याला आपण पूर्ण पैसे दिले असं शेतकरी म्हणतात. क्रियापदं दोन, ‘से’ आणि ‘पेड’. कर्तेही दोन दिसतात, ‘द फार्मर्स’ आणि ‘दे’. दलालासाठी कर्त्याची जागा उरलीच नाही. ‘दे पेड हिम.’ म्हणून ‘हूम’.

मराठीत या दोन वाक्यांत गोंधळ होऊच शकत नाही, कारण एका ठिकाणी ‘ज्यानं’ येतो आणि दुसऱ्या ठिकाणी ‘ज्याला’. शिवाय आपण ‘असं शेतकरी म्हणतात’ हे वेगळं काढून मागे ठेवतो. इंग्रजी तेच मध्ये कोंबते, म्हणून नजर चुकते. प्रश्नार्थक वाक्यातही तीच गत आहे. ‘तुम्हाला काय वाटतं, कोण निवडून येईल?’ याचं इंग्रजी ‘हू डू यू थिंक विल विन?’ असं आहे. ‘हूम डू यू थिंक विल विन?’ हे ऐकायला भारदस्त वाटलं तरी चूक आहे.

ही चूक फार जुनी आहे. 1611 सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात येशू शिष्यांना विचारतो, ‘बट हूम से यी दॅट आय ॲम?’ म्हणजे ‘पण मी कोण आहे असं तुम्ही म्हणता?’ ‘आय ॲम’च्या पुढे कर्म बसत नाही, म्हणून व्याकरणानं तिथे ‘हू’ हवा होता, आणि आजच्या आवृत्त्यांमध्ये सहसा ‘हू’च आढळतो. मूळ ग्रीक वाक्याची घडण वेगळी आहे. त्यात ‘मी’सुद्धा कर्माच्या रूपात येतो, साधारण ‘तुम्ही मला कोण असल्याचं म्हणता’ असा. भाषांतरात वाक्याची घडण बदलली आणि ‘हूम’ मात्र तसाच राहिला.

पण ‘हूम वी बिलीव्ह टू बी ऑनेस्ट’ असं चांगल्या पुस्तकांत वाचलं आहे. ते चूक का?

नाही, ते बरोबर आहे, आणि वरच्या नियमाला धरूनच आहे. इथे ‘टू बी’ आहे, ‘इज’ नाही. ‘टू’ लागलेलं क्रियापद काळ दाखवत नाही, म्हणून त्याला कर्त्याचं रूप लागत नाही. ‘वी बिलीव्ह हिम टू बी ऑनेस्ट’ असं म्हणतात, तेव्हा ‘हूम’. तेच वाक्य ‘इज’ घालून लिहिलं तर ‘वी बिलीव्ह ही इज ऑनेस्ट’, आणि मग ‘हू वी बिलीव्ह इज ऑनेस्ट’. ग्रीकमधला ‘हूम’ योग्य आणि इंग्रजीतला चूक, याचं कारणही नेमकं हेच आहे.

‘आस्क’, ‘टेल’, ‘एक्स्पेक्ट’ यांच्यासोबत ही घडण रोज लागते. ‘द क्लार्क हूम वी आस्क्ड टू साइन’ बरोबर, कारण ‘वी आस्क्ड हिम टू साइन’.

‘टू’, ‘फॉर’, ‘फ्रॉम’च्या पुढे नेहमी ‘हूम’च येतो ना?

साध्या प्रश्नात आणि साध्या विशेषणवाक्यात हो. ‘टू हूम डिड यू सेंड द बिल?’, ‘द ट्रेडर फ्रॉम हूम वी बॉट इट’. लेखी भाषेत शब्दयोगी अव्यय आधी आलं की पाठोपाठ ‘हूम’ यायलाच हवा. ‘फ्रॉम हू’ लिहिलेलं खटकतं.

पण ‘हूएव्हर’ आणि ‘हूमेव्हर’च्या बाबतीत हा नियम उलटा पडतो. ‘जो आधी येईल त्याला कागद द्या.’ इंग्रजीत: ‘गिव्ह द पेपर्स टू हूएव्हर कम्स फर्स्ट.’ ‘टू’च्या पुढे असूनही ‘हूमेव्हर’ नाही, कारण ‘कम्स’ला कर्ता हवा आहे.

याचं उत्तर मराठीत आपल्याला आयतं मिळतं. आपण या वाक्यात दोन शब्द वापरतो, ‘जो’ आणि ‘त्याला’. ‘जो’ आतल्या वाक्याचा आहे (जो येईल) आणि ‘त्याला’ बाहेरच्या वाक्याचा आहे (त्याला द्या). इंग्रजीनं या दोघांचं काम एकाच शब्दावर टाकलं आहे, आणि त्या शब्दाचं रूप नेहमी आतल्या वाक्याप्रमाणे ठरतं. म्हणजे पाहायचं ते ‘जो’कडे. ‘त्याला’कडे दुर्लक्ष करायचं. ‘जो’ किंवा ‘ज्यानं’ असेल तर ‘हूएव्हर’. ‘ज्याला तुम्ही पाठवाल त्याला आम्ही कागद देऊ’ या वाक्यात आत ‘ज्याला’ आहे आणि क्रियापद कृतीचं आहे, म्हणून ‘वी विल गिव्ह द पेपर्स टू हूमेव्हर यू सेंड’.

फक्त वर सांगितलेली अडचण इथेही आहे. ‘ज्याला हवं असेल त्याला द्या’ यात ‘ज्याला’ असला तरी क्रियापद अनुभवाचं आहे, म्हणून ‘टू हूएव्हर वाँट्स इट’. जो–तो ची जोडी मांडून पाहायची सवय लावली, तर इंग्रजी मातृभाषा असलेल्यांपेक्षाही हे प्रकरण आपल्याला सोपं जातं, असं माझं ठाम मत आहे.

आजच्या इंग्रजीत ‘हूम’ कोणी वापरत नाही असं ऐकतो. मग एवढा खटाटोप कशाला?

बोलण्यातून तो बराच गेला आहे, हे खरं आहे. ‘हू डिड यू मीट?’ हेच आज सगळीकडे ऐकू येतं आणि ते नैसर्गिक आहे. हे काही आजचं नाही. शेक्सपिअरच्या हॅम्लेटच्या तोंडीसुद्धा ‘बिट्वीन हू?’ असा प्रश्न आहे. 1921 साली एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञानं लिहून ठेवलं, की दोनेकशे वर्षांत विद्वानातला विद्वान कायदेपंडितही ‘हूम डिड यू सी?’ म्हणणार नाही.

हे का घडतं, तेही पाहण्यासारखं आहे. मराठीत ‘रामाला कोणी पाहिलं?’ आणि ‘रामानं कोणाला पाहिलं?’ यातला फरक प्रत्यय सांगतात. शब्द मागेपुढे केले तरी अर्थ तोच राहतो. इंग्रजीत हे काम शब्दांची जागा करते. ‘हू सॉ राम?’ आणि ‘हू डिड राम सी?’ ही दोन्ही वाक्यं ‘हू’नंच सुरू होतात, तरी ‘डिड’ आणि शब्दक्रम यांमुळे अर्थ स्पष्ट आहे. ‘म’ नसल्यानं काहीच अडत नाही. जुन्या इंग्रजीत नामांनाही विभक्तीची रूपं होती, ती झडून गेली आणि सर्वनामांमध्ये थोडी उरली. त्यातलं एक ‘हूम’ आहे.

म्हणून वाक्याच्या सुरुवातीच्या प्रश्नात ‘हू’ लिहायला हरकत नाही. सहकाऱ्याला मेसेज, घरचं पत्र, बातमीचा मथळा, जाहिरात यांत ‘हू शुड आय कॉन्टॅक्ट?’ हेच चांगलं दिसतं. ‘हूम शुड आय कॉन्टॅक्ट?’ चूक नाही, पण त्यात थोडा ताठपणा येतो.

मात्र औपचारिक लिखाणात तीन ठिकाणं अशी आहेत जिथे ‘हूम’ अजून जागा सोडायला तयार नाही: शब्दयोगी अव्ययाच्या पाठोपाठ, ‘मोस्ट ऑफ’, ‘सम ऑफ’, ‘टू ऑफ’ यांच्यानंतर, आणि स्वल्पविरामानंतर येणाऱ्या विशेषणवाक्यात कर्म म्हणून. यातली पहिली दोन अगदी पक्की आहेत. तिसऱ्यात ‘हू’ हळूहळू शिरतो आहे, पण प्रबंध, करार किंवा न्यायालयीन कागदात मी अजूनही ‘हूम’च लिहावा असं सांगेन.

‘मोस्ट ऑफ हूम’ नेमकं कधी लागतं?

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात सादर होणाऱ्या प्रबंधांत, खास करून सर्वेक्षणावर आधारलेल्या प्रबंधांत, याची गरज सारखी पडते. ‘आम्ही दोनशे शेतकऱ्यांशी बोललो. त्यातले बहुतेक रावेर तालुक्यातले होते.’ याचं भाषांतर बऱ्याचदा असं होतं: ‘वी इंटरव्ह्यूड टू हंड्रेड फार्मर्स, मोस्ट ऑफ देम वेअर फ्रॉम रावेर.’ यात दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडली आहेत. मराठीत ते खपून जातं, इंग्रजीत ते वाक्यरचनेचा दोष मानलं जातं.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम द्या आणि ‘मोस्ट ऑफ देम’नं नवं वाक्य सुरू करा, किंवा एकच वाक्य ठेवून ‘मोस्ट ऑफ हूम वेअर फ्रॉम रावेर’ असं लिहा. ‘मोस्ट ऑफ हू’ हे कोणत्याही काळात, कोणत्याही शैलीत चालत नाही. माणसांऐवजी वस्तू असतील तर ‘हूम’च्या जागी ‘विच’ येतो: ‘टू हंड्रेड बॉक्सेस, टेन ऑफ विच वेअर डॅमेज्ड’.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशातलं ‘माय गाइड, विदाउट हूम धिस वर्क वुड नॉट हॅव बीन कम्प्लीटेड’ हेही याच जातीचं आहे. तिथे ‘विदाउट हू’ लिहिलं तर पहिल्याच पानावर परीक्षकाची भुवई वर जाते.

एखादं पूर्ण पत्र घेऊन दुरुस्ती दाखवाल का?

समजा रावेरच्या एका केळी निर्यातदाराच्या कार्यालयातून दुबईच्या खरेदीदाराला पत्र जातं आहे. कंटेनर तेरा-चौदा अंशांवर ठेवायचा असतो, तो वाटेत गरम झाला आणि काही पेट्यांतली केळी पिकली. जबाबदारी कोणाची, हे पत्रात सांगायचं आहे. अशा पत्रात कोणी काय केलं हे स्पष्ट असणं गरजेचं असतं. पहिल्या मसुद्यातली पाच वाक्यं पाहू.

पहिलं: ‘द सुपरवायझर, हूम वी बिलीव्ह चेक्ड द टेंपरेचर, हॅज लेफ्ट अवर कंपनी.’ क्रियापदं ‘बिलीव्ह’ आणि ‘चेक्ड’. ‘वी बिलीव्ह’ खोडा. ‘ही चेक्ड द टेंपरेचर’ उरतं. म्हणून ‘हू’ हवा. काळजीपोटी घातलेला ‘हूम’ तो हाच.

दुसरं: ‘द ड्रायव्हर, हू यू मेट लास्ट मंथ, विल ब्रिंग द रेकॉर्ड.’ ‘यू मेट हिम.’ स्वल्पविरामातलं विशेषणवाक्य आहे आणि पत्र औपचारिक आहे, म्हणून ‘हूम यू मेट’. बोलताना ‘हू’ चाललं असतं.

तिसरं: ‘वी हॅव फॉर्टी पॅकर्स, मोस्ट ऑफ देम आर ट्रेन्ड.’ इथे ‘मोस्ट ऑफ हूम आर ट्रेन्ड’.

चौथं: ‘द ग्रोअर्स हूम वेअर पेड इन ॲडव्हान्स हॅव ॲग्रीड टू वेट.’ मसुदा करणाऱ्याच्या मनात ‘ज्यांना आगाऊ रक्कम दिली’ हे मराठी होतं. पण शब्दाच्या लगेच पुढे ‘वेअर’ आहे, ‘दे वेअर पेड’. म्हणून ‘हू’.

पाचवं: ‘वी विल शो द डॅमेज्ड बॉक्सेस टू हूमेव्हर कम्स ऑन युअर बिहाफ.’ जो येईल त्याला दाखवू. आत ‘जो’ आहे, म्हणून ‘हूएव्हर कम्स’.

पाचांपैकी तीन ठिकाणी ‘हूम’ नको तिथे घातला होता आणि दोन ठिकाणी हवा तिथे नव्हता. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या पत्रांतही जास्तीचा ‘हूम’ हीच मोठी तक्रार असते. शंका आली आणि वेळ नसेल, तर ‘हू’ लिहा. चुकून लिहिलेला ‘हू’ थोडा सैल वाटतो इतकंच, चुकून लिहिलेला ‘हूम’ मात्र उघडा पडतो.

दाखल्यावरचं ‘टू हूमसोएव्हर इट मे कन्सर्न’ बरोबर आहे का?

व्याकरणानं बरोबर आहे. ‘इट’ हा कर्ता, ‘कन्सर्न’ हे क्रियापद, आणि ज्याच्याशी त्या गोष्टीचा संबंध आहे तो माणूस कर्म. आतल्या वाक्यातच तो कर्म आहे, म्हणून ‘म’ योग्य. ‘हूमसोएव्हर’ हे रूप जुनाट आहे. आपल्याकडच्या शाळा, ग्रामपंचायती आणि कंपन्यांच्या दाखल्यांवर ते टिकून आहे. ‘टू हूम इट मे कन्सर्न’ एवढंच पुरतं. मात्र पत्र नेमकं कोणाला जाणार हे ठाऊक असेल, तर यातलं काहीच न लिहिता त्या अधिकाऱ्याचं पद लिहावं.

दोन्ही टाळून लिहिता येतं का?

येतं, आणि अनेकदा तेच उत्तम. नेमका कोणता माणूस हे सांगणाऱ्या, स्वल्पविराम नसलेल्या विशेषणवाक्यात कर्माच्या जागी काहीच लिहावं लागत नाही. ‘द ट्रेडर हूम वी मेट’ऐवजी ‘द ट्रेडर वी मेट’. ‘द बँक मॅनेजर टू हूम आय स्पोक’ऐवजी ‘द बँक मॅनेजर आय स्पोक टू’. शेवटी ‘टू’ आलेलं चालतं. ते चालत नाही ही समजूत इंग्रजीच्या रोजच्या वापराशी जुळत नाही. मात्र शब्द कर्ता असेल तर तो गाळता येत नाही, आणि स्वल्पविराम असेल तरीही गाळता येत नाही.

एक अर्धवट रूप मात्र टाळा: ‘हूम डिड यू स्पीक टू?’ यात सुरुवात औपचारिक आणि शेवट बोलीतला होतो. ‘टू हूम डिड यू स्पीक?’ किंवा ‘हू डिड यू स्पीक टू?’ यातलं एक निवडा.

स्पर्धा परीक्षेत काय धरायचं?

जुना नियम, जसाच्या तसा. चूक ओळखा या प्रकारच्या प्रश्नात ‘हू डिड यू मीट?’ दिलं असेल आणि बाकी वाक्यात दोष दिसत नसेल, तर परीक्षकाला ‘हूम’ अपेक्षित आहे असं समजा. बोलीत चालतं हा मुद्दा तिथे कामाचा नाही.

‘आय थिंक’, ‘ही सेज’, ‘वी होप’ असे शब्द पर्यायाच्या लगेच पुढे घातलेले दिसले, तर ते खोडूनच वाक्य वाचा. ‘ही इज द कँडिडेट ___ आय होप विल बी सिलेक्टेड’ यात ‘आय होप’ खोडलं की ‘विल बी’ समोर येतं आणि ‘हू’ ठरतो. तिथेच ‘___ आय होप दे विल सिलेक्ट’ असं असेल, तर ‘दे’ हा कर्ता आधीच बसलेला आहे, म्हणून ‘हूम’.